फोटोवरून ब्लोअरचा पंप कुठल्या कंपनीचा ते कसं ओळखायचं? पार्ट हवेत, घाई आहे

निफाडकर_मुलुंड
नमस्कार मंडळी. मी मुलुंडला राहतो, नोकरी फोर्टात. गावाकडे, पिंपळगाव बसवंतजवळ, धाकटा भाऊ द्राक्षबाग बघतो. छाटणी होऊन फुटवे निघालेत, त्यात दोन दिवस ढगाळ हवा आहे. डाऊनी रोगाच्या भीतीने फवारणी थांबवता येत नाही आणि नेमका आत्ताच ब्लोअरचा पंप बसला.

ब्लोअर सेकंडहँड घेतलेला आहे. टाकीवर नाशिककडच्याच एका वर्कशॉपचं नाव रंगवलंय, ते वर्कशॉप आता बंद झालंय. पंपाला वरून हिरवा रंग मारलाय, नावाची पट्टी नाही. भावाने व्हॉट्सअ‍ॅपवर तीन फोटो पाठवलेत, ते खाली देतोय. दुकानदार विचारतो, "कंपनी सांगा, मॉडेल सांगा." आम्हाला दोन्ही माहीत नाही. मी मुंबईत असल्यामुळे इकडे पार्ट मिळतील का तेही बघतोय, उद्या ऑफिस सुटल्यावर जाऊ शकतो.

दुसरं म्हणजे ट्रॅक्टरही सेकंडहँडच आहे. छोटा, लाल, बॉनेटवरचे स्टिकर गेलेले. पुढे मोठा ब्लोअर घ्यायचा विचार आहे, त्यासाठी ट्रॅक्टर नक्की कुठला तेही कळायला हवं. फोटोवरून कोणी ओळखू शकेल का?

अमोल_ट्रॅक्टरवाला
दादा, लाल आणि छोटा म्हणजे महिंद्रा युवराज. डोळे झाकून सांगतो. रंगावरून कंपनी लगेच कळते. लाल महिंद्रा, हिरवा-पिवळा जॉन डिअर, निळा न्यू हॉलंड, केशरी कुबोटा. पंपाचंही तसंच असतं, पण तुमचा रंगवलेला दिसतोय.

वर्षा_दिंडोरी
अमोल, जॉन डिअर आणि कुबोटा ठीक. पण लाल रंगात मॅसी आहे, आयशर आहे, व्हीएसटी आहे. निळ्यात सोनालिका आहे, फार्मट्रॅक आहे, जुना फोर्डही निळाच होता. आमच्या भागात सेकंडहँड ट्रॅक्टर विकताना सगळ्यात आधी रंग मारतात, त्यामुळे रंगाचा भरवसा धरू नये.

युवराज २१५ एका सिलिंडरचा असतो. फोटोत इंजिनाची डावी बाजू थोडी दिसतेय, इंजिन लांब वाटतंय. मला तो व्हीएसटी शक्ती वाटतो, मित्सुबिशीवाला. आमच्याकडे बागेत तेच जास्त आहेत, रुंदी कमी असल्यामुळे दोन ओळींतून निघतात. पण फोटो इतका लांबून काढलाय की मी पैज लावणार नाही.

निफाडकर दादा, नंबरप्लेटवरचा नंबर एमपरिवहन अ‍ॅपमध्ये टाका. कंपनी आणि मॉडेल तिथे येईल. ट्रॅक्टरसाठी फोटोची गरजच नाही.

डोंबिवलीची_बाग
माझ्याकडे पण फवारणी पंप आहे, १६ लिटरचा, पाठीवरचा, बॅटरीवाला. त्याच्या नळीतून गळतं. गच्चीवरच्या झाडांना नीमतेल मारते. मी सरळ नवी नळी घेतली, स्टेशनजवळच्या बियाण्यांच्या दुकानात मिळाली. तुम्ही पण तिथे विचारून बघा, नाव लागत नाही.

निफाडकर_मुलुंड
ताई, आमचा ट्रॅक्टरला जोडायचा ६०० लिटरचा ब्लोअर आहे, मागे पंखा असलेला. त्याचे पार्ट बियाण्यांच्या दुकानात नाही मिळायचे. तरी धन्यवाद.

वर्षाताई, अ‍ॅपचं डोक्यातच आलं नव्हतं. भावाकडून नंबर घेतो.

जुना_फिटर_मालाड
निफाडकर, मी मालाडला पंपांच्या कारखान्यात नोकरी केली, आता निवृत्त आहे. तुमचे तिन्ही फोटो मोठे करून पाहिले. कंपनी नंतर बघू. आधी हा पंप कोणत्या जातीचा आहे ते ठरवू, कारण तिथे चूक झाली तर दुकानदार भलतेच पार्ट देतो.

पहिल्या फोटोत पंपाला तीन बाजूंना गोल, चपटी डोकी दिसतायत आणि प्रत्येकाच्या कडेने बोल्ट आहेत. वर एक छोटी पारदर्शक वाटी आहे, तिच्यात तेल असतं. बाजूला एक गोल डबा आहे, त्याला टायरसारखा हवा भरायचा व्हॉल्व्ह आहे. हा डायफ्रामचा पंप. आपण ज्याला सरसकट एचटीपी म्हणतो तो वेगळा. त्यात तीन दांडे एका ओळीत असतात आणि त्यांच्या तोंडाशी ग्रीसचे कप असतात. एचटीपीला सील आणि प्लंजर लागतात, याला पडदे लागतात. दुकानात गेल्यावर पहिलं वाक्य "तीन डायफ्रामचा पंप आहे" हेच म्हणा.

टाकीवरचं नाव विसरून जा. ब्लोअर बनवणारे बहुतेक वर्कशॉपवाले टाकी आणि सांगाडा स्वतः करतात. पंप एका कंपनीचा, गिअरबॉक्स दुसऱ्याचा, नोझल तिसऱ्याचे. म्हणून "ब्लोअर कुठला" हा प्रश्न दुकानात विचारून काही मिळत नाही, प्रत्येक तुकड्याची ओळख वेगळी करावी लागते.

आता मला एक सांगा. त्या वाटीतल्या तेलाचा रंग काय आहे? फोटोत मला ते पांढुरकं दिसतंय, पण उजेडामुळेही तसं दिसू शकतं.

निफाडकर_मुलुंड
काका, आत्ताच भावाला फोन केला. तेल दुधासारखं झालंय म्हणतो. त्याला वाटलं तेल जुनं झालं, म्हणून परवा वरून थोडं नवीन टाकलं. ते पण पांढरं झालं.

जुना_फिटर_मालाड
मग पडदा फाटलाय. औषधाचं पाणी तेलात शिरलं की तेल असंच दुधाळ होतं. त्याला सांगा की पंप आता अजिबात फिरवायचा नाही. आतले बेअरिंग आणि पिस्टन तेलावर चालतात. त्यात पाणी आणि औषध गेलं की गंज धरायला वेळ लागत नाही, आणि दोन-तीन पडद्यांच्या खर्चाचा अख्ख्या पंपाचा खर्च होतो. आजच खालचा बोल्ट काढून तेल सोडा, डिझेलने आतून धुवा, तोपर्यंत आपण ओळख पटवू.

ओळखीसाठी हे फोटो पुरणार नाहीत. तिन्ही फोटो उभं राहून वरून काढलेत. पंपाचं नाव बहुधा ओतीव अंगावरच असतं, पण कुठे ते कंपनीगणिक बदलतं. शाफ्टच्या बाजूला बघा, डोक्यांवर बघा आणि खाली, पाय जिथे बसतात तिथे बघा. दोन छोटी रिव्हेटची भोकं दिसली तर पट्टी तिथे होती असं समजा. रंग खरवडायला छिन्नी घेऊ नका, अक्षरं जातात. थिनरचा बोळा फिरवा, तारेच्या ब्रशने हलकं घासा, पुसून कोरडं करा. मग पांढऱ्या खडूची कांडी आडवी धरून अंगावर घासा. उठावदार अक्षरांवर खडू बसतो, खोलगट भाग काळा राहतो.

प्रसाद_ठाणे
मला शेतीतलं काही कळत नाही, फोटो काढणं हा माझा छंद आहे, म्हणून तेवढंच सांगतो. फ्लॅश वापरू नका. समोरून उजेड पडला की उठावाची अक्षरं सपाट दिसतात. संध्याकाळी किंवा शेडमध्ये, टॉर्च पृष्ठभागाला जवळजवळ चिकटवून कडेने मारा. प्रत्येक अक्षराची सावली पडते आणि फिटर काकांनी सांगितलेल्या खडूबरोबर ते फारच स्पष्ट येईल.

माप कळायला हवं असेल तर स्टीलची पट्टी त्याच पातळीवर ठेवा ज्या पातळीवर मोजायची वस्तू आहे. पट्टी चार बोटं पुढे असेल तर माप चुकीचं येतं. मोबाइल अगदी जवळ नेला तर कडा फुगतात, गोल वस्तू अंड्यासारखी दिसते. दोन-तीन पावलं मागे जाऊन झूम करा, आणि कॅमेरा समोरासमोर धरा, तिरका नको.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. तुमच्या आत्ताच्या फोटोत बारीक तपशील पुसला गेलाय, कितीही मोठं करून उपयोग नाही.

कोकणी_माणूस_लालबाग
विषय निघालाच आहे तर विचारतो. वडिलांनी घेतलेला एचएमटी २५११ गावी उभा आहे. कंपनीच बंद झाली, २०१६ मध्ये सरकारने एचएमटीचा ट्रॅक्टर विभाग बंद करायचं ठरवलं. मला त्याचा क्लच आणि हायड्रॉलिक पंप हवाय. गावातला मेकॅनिक म्हणतो भंगारात द्या. वडील तो विकायला तयार नाहीत, आणि मलाही तो चालू झालेला बघायचाय.

वर्षा_दिंडोरी
कोकणी दादा, भंगारात देऊ नका. एचएमटीचे जुने ट्रॅक्टर चेकोस्लोव्हाकियाच्या झेटरच्या सहकार्याने आले होते, २५११ हे मॉडेल मूळ झेटरचंच. त्यामुळे शोधताना "झेटर २५११" असंही शोधा. पण पार्ट मागवण्याआधी इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर आणि चॅसिसची पट्टी, दोन्हींचे फोटो घ्या. माझ्या काकांच्या ट्रॅक्टरचं इंजिन आधीच्या मालकाने बदललेलं निघालं होतं. आरसीवर एक, प्रत्यक्षात दुसरं. क्लच त्यामुळे दोनदा परत करावा लागला.

अमोल_ट्रॅक्टरवाला
वर्षाताईंचं बरोबर आहे, म्हणजे अ‍ॅपवर जे येतं तेही शंभर टक्के धरू नये. रंगाबद्दलचं मान्य, पण मी पुढच्या जाळीवरून पण ओळखतो.

वर्षा_दिंडोरी
जाळीवरून कळतं, पण बॉनेटसुद्धा बदललेलं असू शकतं ना. बॉनेट चार बोल्टवर निघतं. इंजिन, गिअरबॉक्सचं ओतकाम आणि मागचा पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा शाफ्ट, सहसा कोणी वरवर बदलत नाही, म्हणून मी आधी तेच बघते.

नागदेवी_बेअरिंग
नागदेवी स्ट्रीटला आमचं बेअरिंग आणि ऑइल सीलचं दुकान आहे. निफाडकर, मुंबईत फेरी मारणार असाल तर आधी हे वाचा.

पंपाच्या आत दोन तऱ्हेचे पार्ट असतात. बेअरिंग, ऑइल सील, ओ-रिंग हे मापावर मिळतात, त्यांना पंपाच्या कंपनीशी काही देणंघेणं नसतं. बेअरिंगवर नंबर कोरलेला असतो. ६२०६ लिहिलं असेल तर आतला व्यास ३० मिलिमीटर, बाहेरचा ६२ आणि जाडी १६, मग ते कुठल्याही पंपात असो की मोटारीत. ऑइल सीलवर तीन आकडे ओळीने असतात, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी. अक्षरं घासली गेली असतील तर शाफ्ट आणि सीलचं घर मोजा. जुन्या सीलचा ओठ झिजून मोठा झालेला असतो, त्याचं माप घेऊन आलेले लोक मला रोज भेटतात.

डायफ्राम आणि व्हॉल्व्ह मात्र कंपनीचेच लागतात. ते आमच्या गल्लीत क्वचित मिळतील. त्यासाठी मुंबईपेक्षा पिंपळगाव, निफाड, ओझर बरं. ज्या गावात दर दुसऱ्या शेतात ब्लोअर आहे तिथलाच दुकानदार पडदे ठेवणार. रविवारी आमची गल्ली बंद असते, मस्जिद स्टेशनला उतरून चालत याल तर सोपं पडेल.

निफाडकर_मुलुंड
खूप आभार दादा. म्हणजे भावाला पिंपळगावातच शोधायला सांगतो, बेअरिंग लागलं तर मी येतो.

काका, भावाने सांगितल्याप्रमाणे केलं. थिनर, ब्रश, खडू, कडेने टॉर्च. डोक्यांवर काही नाही. शाफ्टच्या बाजूला खालच्या अंगाला इंग्रजीत एआर दिसतंय, त्याच्याशेजारी आकडे आहेत. पहिला ५, मग ०, तिसरा अर्धवट, तिथे ओतकामाला टवका उडालाय. फोटो चार जोडतोय. फोटो पाच डोक्याचा, पट्टीसकट. सहा सक्शनच्या बाजूचा.

जुना_फिटर_मालाड
फोटो आता छान आलेत. प्रसाद, तुझी टॉर्चची युक्ती कामाला आली.

एआर म्हणजे अ‍ॅनोव्ही रेव्हर्बेरी, इटलीची कंपनी. त्यांचा एआर ५०३ हा तीन डायफ्रामचा पंप आहे, मिनिटाला साधारण ५० लिटर पाणी आणि ४० बारपर्यंत दाब. तुमची तीन डोकी आणि पन्नासने सुरू होणारा आकडा जुळतात. तिसरा आकडा अर्धवट आहे, त्याच्या वरच्या गोलाईवरून ३ वाटतो. मी नव्वद टक्के तेच म्हणेन.

उरलेल्या दहा टक्क्यांसाठी दोन गोष्टी. एक, ओतकामावरचा आकडा नेहमी मॉडेलचाच असतो असं नाही, काही वेळा तो त्या ओतीव तुकड्याचा नंबर असतो आणि तोच तुकडा दोन-तीन मॉडेलांत वापरतात. दोन, इटालियन पंपांसारखे दिसणारे पंप इतरत्रही ओतले जातात. बाहेरून जुळे भाऊ, आत पडद्याची खाच दोन मिलिमीटरने वेगळी. दोन मिलिमीटर कमी पडले तर पडदा कडेने सरकतो आणि पहिल्याच दिवशी पुन्हा तेल पांढरं होतं.

म्हणून भावाने एक डोकं खोलावं. खोलण्याआधी फोटो काढावा, व्हॉल्व्ह कुठल्या तोंडाने बसलेत ते त्यात दिसलं पाहिजे. सक्शनचे आणि डिलिव्हरीचे व्हॉल्व्ह उलट्या तोंडाने बसतात, बदलले तर पंप पाणीच ओढत नाही. मग पडदा काढून माप घ्यायचं, पण रबराचं नाही. वापरलेलं रबर ताणलेलं आणि औषधाने फुगलेलं असतं. ज्या धातूच्या खाचेत पडद्याची कड बसते तिचा बाहेरचा व्यास व्हर्नियरने घ्या, आणि मधल्या बोल्टची जाडी. दुकानात नवा पडदा हातात घेऊन हीच दोन मापं ताडून बघायची. नावावर विश्वास ठेवून पैसे देऊ नका.

वर्षा_दिंडोरी
काका, आणि एक फाटला तरी तिन्ही बदलायचे ना? आम्ही तसंच करतो.

जुना_फिटर_मालाड
हो, तिन्ही. सारखंच वय, सारखंच औषध. आणि त्या हवेच्या डब्यातला पडदा पण बघा. फवारताना गेजचा काटा थरथरत होता का?

निफाडकर_मुलुंड
भाऊ म्हणतो थरथरत होता, गेल्या हंगामापासून. गेज खराब आहे असं समजून दुर्लक्ष केलं.

जुना_फिटर_मालाड
गेज बदलायच्या आधी तो डबा खोला. त्यातली हवा गेली की पाण्याचे धक्के थेट नळीवर आणि गेजवर येतात. चौथा पडदा बिलात धरा.

आता तुमचा फोटो सहा. सगळे पंपाकडे बघतायत, मी सक्शन पाइपकडे बघतोय. टाकीतून येणारा पाइप वळणाजवळ चपटा झालाय, आतली तार तुटलेली दिसते. गाळणीच्या वाटीत तळाशी निळसर गाळ आहे, बोर्डो मारलं असणार. पंपाला पाणी ओढताना त्रास झाला की पडदा दर फेरीला तेलाच्या बाजूने नीट वर येत नाही, उलटा ओढला जातो, आणि मधल्या वॉशरच्या कडेवर चिरतो. पडदा बाहेर काढल्यावर चीर कुठे आहे ते बघा. मधल्या वॉशरभोवती गोलाकार चीर असेल तर कारण सक्शनचं. रबर सगळीकडून मऊ, फुगलेलं, चिकट असेल तर औषधाचं. पाइप न बदलता नवे पडदे घातले तर महिन्याभरात तुम्ही परत इथे लिहाल.

निफाडकर_मुलुंड
काका, वॉशरभोवतीच आहे! फोटो सात. दोन पडदे असेच, तिसरा धड आहे. बोर्डोचंही खरं आहे, गेल्या आठवड्यात मारलं होतं.

आणि वर्षाताई, अ‍ॅपवर नंबर टाकला. व्हीएसटी शक्ती एमटी १८०डी आलं. इंजिनाच्या ब्लॉकवर ठोकलेला नंबर आहे तोच आरसीवर पण आहे, म्हणजे इंजिन मूळचंच.

अमोल_ट्रॅक्टरवाला
अभिनंदन ताई. तीन सिलिंडर, १८.५ एचपी. चांगला ट्रॅक्टर आहे, दादा.

जुना_फिटर_मालाड
हे कळलं ते फार बरं झालं, कारण याचा पंपाशीही संबंध आहे. या छोट्या, जपानी धाटणीच्या ट्रॅक्टरांना पीटीओचे एकापेक्षा जास्त वेग असतात, लिव्हरने बदलता येतात. आपला पंप साधारण ५५० फेऱ्यांसाठी केलेला आहे. लिव्हर वरच्या वेगात राहिली आणि इंजिन पूर्ण रेसवर असलं तर पंप त्याच्यापेक्षा कितीतरी जोरात फिरतो. पंख्याची हवा जोरात येते म्हणून चालवणारा खूश असतो, पण चपट्या पाइपातून पंपाला तेवढं पाणीच मिळत नाही. भावाला विचारा, लिव्हर कुठे असते?

निफाडकर_मुलुंड
विचारलं. तो म्हणाला एक गडी दोन नंबरवर चालवतो, हवा चांगली येते म्हणून. भाऊ एक नंबरवर चालवतो.

वर्षा_दिंडोरी
आमच्याकडे अगदी हेच झालं होतं. लिव्हरला एक नंबरवर तार बांधून टाकली, प्रश्न संपला. पण काका, एका गोष्टीत मी सहमत नाही. दाट बागेत, पुढे मणी भरल्यावर, एक नंबरवर हवा घडाच्या आत पोचत नाही. मग आम्ही ट्रॅक्टरचा वेग कमी करतो. तुम्ही म्हणता तसं कागदावर ठीक आहे, बागेत तडजोड करावी लागते.

जुना_फिटर_मालाड
वर्षा, वेग कमी करणं ही तडजोड मला मान्य आहे, त्यात पंपाचं काही बिघडत नाही. काही ब्लोअरच्या पंख्याला वेगळा गिअर असतो, तिथे पंपाला हात न लावता हवा वाढवता येते. निफाडकरांच्या गिअरबॉक्सला तसा आहे का ते फोटोत कळत नाही, तो भाग शिल्डने झाकलाय.

कोकणी_माणूस_लालबाग
मी गावी फोन करून एचएमटीच्या ब्लॉकवरचा नंबर शोधायला सांगितलाय. इतकी वर्षं उभा आहे, चिखल आणि ग्रीसखाली काही दिसत नाही म्हणतात. आता खडू आणि टॉर्च सांगतो.

जुना_फिटर_मालाड
कोकणी, ब्लॉकवरचा नंबर ठोकलेला असतो, म्हणजे खोलगट. त्याला खडूची कांडी उलटी काम करते. खडूची पूड पाण्यात कालवून नंबरावर चोळा आणि वरून कोरड्या फडक्याने पुसा. पांढरं आत राहील.

निफाडकर_मुलुंड
अपडेट देतो. भावाने खाच मोजून पिंपळगावात दोन दुकानं पालथी घातली. पहिल्या दुकानदाराने "५०३चेच आहेत" म्हणून जे पडदे दिले ते खाचेच्या मापापेक्षा जरासे लहान निघाले, घेतले नाहीत. दुसऱ्याकडचे बरोबर बसले. चार पडदे, सक्शन पाइप, गाळणीची जाळी घेतली. बेअरिंग फिरवून बघितलं, खरखर नाही, त्यामुळे नागदेवीला यायची वेळ आली नाही.

काका, बसवताना काय काळजी घ्यायची? तो उद्या सकाळी बसवतोय, संध्याकाळी फवारणी करायची आहे.

जुना_फिटर_मालाड
मधला बोल्ट घट्ट करा, पण वॉशरची गोल कड पडद्याकडे येऊ द्या, धारदार कड नको. डोकं लावण्याआधी शाफ्ट हाताने फिरवून त्या डोक्याचा पिस्टन खाली घ्या, म्हणजे पडद्याची कड खाचेत सपाट बसते. बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे करत आवळा.

तेल ओतताना घाई नको. थोडं ओता, शाफ्ट हाताने फिरवा, बुडबुडे येऊ द्या, परत ओता. पडद्याखाली हवा अडकली तर तिथे तेलाचा आधार मिळत नाही. वाटीतली पातळी खुणेवर थांबली की झालं. मग साधं पाणी भरून, रेग्युलेटर पूर्ण उघडा ठेवून, दाब न देता काही मिनिटं चालवा. तेल स्वच्छ राहिलं तरच औषध भरा. आणि दाब वाढवल्यावर पुन्हा एकदा वाटीकडे बघा.

वर्षा_दिंडोरी
आणि बोर्डो मारल्यावर त्याच दिवशी टाकीत साधं पाणी भरून नोझलमधून बाहेर काढायचं. गाळणी खोलून धुवायची. आम्ही हे काम चालवणाऱ्याच्या हजेरीला जोडलंय, पंप धुतल्याशिवाय ट्रॅक्टरची चावी जमा होत नाही.

प्रसाद_ठाणे
निफाडकर, एक विनंती. आता पंप उघडाच आहे तर प्रत्येक डोक्याचा, व्हॉल्व्हचा, खाचेच्या मापाचा नीट फोटो काढून भावाच्या मोबाइलमध्ये वेगळा अल्बम करून ठेवा. नवीन पडद्याच्या पाकिटावरचा नंबरही त्यात घ्या. पुढच्या वेळी दुकानात तो फोटो दाखवला की झालं.

निफाडकर_मुलुंड
नक्की. पाकीट जपून ठेवायला सांगितलंय.

आता माझा मूळ दुसरा प्रश्न. या १८.५ एचपीवर मोठा ब्लोअर चालेल का? भावाच्या डोक्यात १००० लिटरचा आहे.

जुना_फिटर_मालाड
पंपाला फार ताकद लागत नाही. मिनिटाचे लिटर गुणिले बार भागिले ६००, म्हणजे किलोवॅट. ५० लिटर आणि ४० बार धरले तर ३.३ किलोवॅट, साधारण साडेचार एचपी, घर्षण धरून पाचच्या थोडं वर. तेही पूर्ण दाबावर. खरी ताकद पंखा खातो, आणि पंखा मोठा झाला की ती झपाट्याने वाढते. नव्या ब्लोअरचं पत्रक मागवा, त्यात पीटीओवर किती एचपी हवी ते लिहिलेलं असतं. लक्षात ठेवा, १८.५ ही इंजिनाची ताकद आहे, पीटीओवर त्याहून कमी मिळते.

वर्षा_दिंडोरी
वजनाचंही बघा. १००० लिटर पाणी म्हणजे एक टन, टाकीचं आणि पंख्याचं वेगळं. तीन पॉइंटवर उचलायचा प्रश्नच नाही, चाकांवरचा घ्यावा लागेल. तुमच्या बागेला उतार आहे का? आणि खालच्या लिंकची भोकं मोजा. श्रेणी एकला पिन २२ मिलिमीटरची असते, श्रेणी दोनला २८ची. छोट्या ट्रॅक्टरला मोठं अवजार घेऊन गेलात तर तिथेच अडतं.

निफाडकर_मुलुंड
उतार आहे, मागच्या पट्ट्यात चांगलाच. भावाशी बोलतो, भोकांचं माप आणि शिल्ड काढून गिअरबॉक्सचा फोटो उद्या टाकतो. शेड अंधारी आहे, त्यामुळे टॉर्च लावूनच.

अमोल_ट्रॅक्टरवाला
दादा, मागच्या पीटीओ शाफ्टचा फोटो पण टाका, समोरून. सहा खाचांचा आहे का ते मोजतो. यावेळी रंगावरून काही सांगणार नाही. :)

निफाडकर_मुलुंड
टाकतो. आत्ताच भावाचा फोन होता, साध्या पाण्यावर चालवून बघितला, तेल स्वच्छ आहे, काटा स्थिर. औषध कालवायला घेतलंय.